चकमकीच्या कपच्या

म्हसळ्याच्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. आदिमानवाचा पाठ माझा हातखंडा समजला जाई. म्हणूनच हरिहरेश्वरला पुरातत्त्वाच्या एक बाई कार्यशाळा घ्यायला आल्या, तेव्हा दगडाची हत्यारं करून दाखवायला पहिला मीच पुढे झालो. तोपर्यंत मी आयुष्यात एकही दगड फोडला नव्हता.

बाईंनी पोतंभर चकमकीचा दगड आणला होता, परदेशातून. आपल्या काळ्या कातळात तो सापडत नाही. समुद्राजवळच्या एका नारळीच्या वाडीत त्यांनी ताडपत्री अंथरली, सगळ्यांना चष्मे दिले. मी मांडीवर चामड्याचा तुकडा घेतला, त्यावर दगड धरला आणि वाटोळ्या गोट्याने मधोमध ठोका घातला. काही झालं नाही. दुसरा जोरात घातला. दगडाला पांढरा डाग पडला आणि माझा अंगठा फुटला.

पाटा-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या एका मावशींनाही बाईंनी बोलावलं होतं. त्यांचं प्रात्यक्षिक दुपारी होतं, पण त्या सकाळीच येऊन बसल्या होत्या. विद्यार्थी माझ्या अंगठ्याला पट्टी बांधत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तुमी त्याच्या पोटात मारताव. कडंला मारा."

"तेच सांगणार होते," बाई म्हणाल्या. "वरची सपाट बाजू आणि समोरची बाजू यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी हवा. त्या सपाटीवर, अगदी काठाजवळ ठोका. धक्का आत पसरतो आणि खालून कपची सुटते."

मावशींनी दगड उचलला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला. काठाची ठिसूळ कड गोट्याने घासून घेतली आणि एक ठोका दिला, फार जोरात नव्हे. टक् असा आवाज आला आणि तळहाताएवढी कपची त्यांच्या मांडीवर पडली. ठोक्याच्या जागेखाली लहानसा फुगवटा होता. बाईंनी तो विद्यार्थ्यांना दाखवला. निसर्गात आपोआप फुटलेल्या दगडापासून माणसाने काढलेली कपची बहुधा यावरून वेगळी ओळखतात, असं त्यांनी सांगितलं.

"काळा दगड आडमुठा," मावशी म्हणाल्या. "ही तर काच हाय."

शेजारीशेजारी दोन कपच्या निघाल्यावर दगडावर त्यांच्यामध्ये उभी धार उरली. तिच्या रेषेत मारलेला ठोका सरळ खाली गेला आणि लांब, अरुंद पातं सुटलं. मग एक जाड कपची घेऊन मावशींनी बाईंच्या सांगण्यावरून तिच्या एका कडेवर बारीक बारीक ठोके मारले. कड तिरपी आणि बोथट झाली. ही तासणी. खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या कातड्यावर पातं ठेवलं, तर ते सरसर चिरत गेलं. तासणीने आतली चरबी खरवडली, पण कातडं फाटलं नाही. वास फार आला. दोन विद्यार्थी समुद्र बघायला गेले, ते जेवणालाच परतले.

दुपारी मावशींनी पाट्याला टाकी लावून दाखवली, मग विस्तवाचं प्रात्यक्षिक. वीस वर्षं मी वर्गात सांगत आलो होतो की दोन चकमकी एकमेकांवर आपटून आग काढत. मी दोन तुकडे आपटले. अर्धा तास आपटले. करपल्यासारखा वास आला, सावलीत किंचित उजेडही दिसला. खाली ठेवलेल्या कापसाला काही समजलं नाही.

"सर, ही चमक आग लावत नाही," बाई म्हणाल्या. त्या थोड्या संकोचल्या होत्या. "सोनामाखी लागते." त्यांनी पितळेसारखा चमकणारा जड दगड काढला. चकमकीच्या धारेने त्याचे कण खरवडून निघतात, आणि त्यात लोखंड व गंधक असल्याने ते हवेत जळतात.

ठिणग्या पडल्या, पण मंद, लाल. झाडाच्या खोडावर उगवणाऱ्या अळंबीचा कुटून मऊ केलेला गाभा त्यांनी आणला होता. खाऱ्या हवेत तो दमट झाला होता. ठिणगी त्यावर बसे आणि विझे.

"उन्हात टाका जरा," मावशी म्हणाल्या. आम्ही तो तापलेल्या कातळावर पसरला आणि त्याच्याभोवती बसून राहिलो. तासाभराने बाईंनी पुन्हा सोनामाखीवर धार ओढली. बऱ्याच वेळाने अळंबीच्या कडेला एक लाल टिपका राहिला. तो विझला नाही, हळूहळू पसरला. मावशींनी तो नारळाच्या सुक्या काथ्यात गुंडाळला आणि लांब, सावकाश फुंकर घालत राहिल्या. धूर दाट झाला, मग एकदम जाळ. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी आणखी काथ्या पुढे केला.

"आता च्या टाका," मावशी म्हणाल्या.

चहा झाल्यावर बाईंनी सगळ्यांना ओणवं केलं. एकही कपची वाडीत राहता कामा नये, म्हणाल्या. उद्या कुणा अभ्यासकाला ती मिळाली, तर हरिहरेश्वरला परदेशी चकमक कुठून आली, यावर तो आयुष्य घालवेल. आम्ही ताडपत्री झाडली, आजूबाजूचं गवत चाचपलं, कपच्या पोत्यात भरल्या. बाईंनी त्यात स्वतःचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी टाकली.

शेवटची कपची माझ्या अनवाणी टाचेला सापडली.