रस्त्याकडचं रान

चौसाळ्याहून बीडकडं येताना हायवेला लागून सुंदररावांचं तीन एकर रान आहे. त्या रानानं सुंदररावांना माणसांतून उठवलं आणि त्यानंच त्यांना पुन्हा माणसांत उभं केलं.

माणूस मोठा कडक. शाळा सातवीत सुटली, पण तालुक्याच्या कचेरीत सुंदरराव शिरले की कारकून चष्मा पुसायला लागायचे. गावातल्या साठ-सत्तर शेतकऱ्यांना धरून त्यांनी बियाण्याची सहकारी संस्था उभी केली आणि चेअरमन झाले. संशोधन केंद्राच्या शेतकरी मेळाव्यात एकदा त्यांनी माईक हिसकावून घेतला होता. "तुमी ज्वारी निवडता कुठं? केंद्राच्या काळ्याभोर रानात. खत घालून, दोन पाणी पाजून. आन् पेरायची कुठं? आमच्या मुरमावर. तिथं कोण पाणी पाजणार, तुमचा बा?" मंडपात टाळ्या पडल्या.

त्या भाषणाची आठवण ठेवून दोन वर्षांनी केंद्रातल्या थोरबोले मॅडम संस्थेत आल्या. ज्वारी निवडणं हेच त्यांचं काम. त्यांनी गावरान ज्वारीचा केंद्राच्या एका जातीशी संकर केला होता. एका आईची पोरं असावीत तशा त्यातून निघालेल्या सोळा ओळी, म्हणजे होऊ घातलेले सोळा वाण, त्यांनी पाकिटांत भरून आणल्या होत्या.

"आजवर आम्ही केंद्रात यातली एक निवडायचो, बाकीच्या टाकून द्यायचो," मॅडम म्हणाल्या. "जी टाकली ती तुमच्या मुरमावर कशी आली असती, ते आम्हाला कधी कळलंच नाही. आता टाकायच्या आधीच तुमच्याकडं देते. पाच जणांनी पाच रानांत याच सोळा ओळी पेरायच्या. नेहमी पेरता तशाच, कोरडवाहू. जास्त लाड नाहीत. आम्ही केंद्रातही पेरतो. निवड तुम्ही करायची."

सुंदररावांची छाती फुगली. मेळाव्यात मागितलं होतं ते दारात चालून आलं होतं. पाचांतला पहिला प्लॉट त्यांनी आपल्या नावावर घेतला आणि जागा निवडली ती रस्त्याकडची. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून.

शेवटचा प्लॉट भामाबाईंनी मागून घेतला. त्यांचं रान टेकाडावर, वीतभर मातीखाली मुरूम. दर साल घरदार ऊसतोडीला जायचं. त्या वर्षी नवरा आणि पोरगा गेले, भामाबाई प्लॉटपायी मागं राहिल्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, "माझ्या रानात जे जगंल ते कुठंबी जगंल. तुमच्यात जगलेल्याचं काय कौतुक?" तोंडाची बाई फटकळ. बायका त्यांच्याशी बोलताना दोन हात लांब उभ्या राहायच्या.

परतीचा पाऊस एकदाच आला. त्या ओलीवर पेरण्या झाल्या आणि नंतर आभाळ कोरडंठाक. पौष उजाडेपर्यंत सगळ्यांच्या ज्वारीची पानं दुपारी सुरळी व्हायला लागली.

सुंदररावांच्या रानाचीही झाली. आणि इथंच घोटाळा झाला. टेकाडावरची भामाबाईंची ज्वारी कोण बघतो? पण हायवेवरून ट्रॅक्टर जायचे, जिपा जायच्या, दुसऱ्या गावचे चेअरमन जायचे. प्लॉटवर संस्थेचा फलक लावलेला, फलकावर सुंदररावांचं नाव. आष्टीकडचा एक ओळखीचा माणूस मोटारसायकल थांबवून म्हणाला, "कावून ओ चेअरमन, मेळाव्यात तर लई गर्जत होतात. ही तर गुडघ्यातच बसली की."

त्या दिवशी सुंदररावांना दुपारची भाकरी गोड लागली नाही.

विहिरीत बुडाशी थोडं पाणी होतं, जनावरांपुरतं. बाजाराच्या दिवशी गाव चौसाळ्याला रिकामं झालं तसं त्यांनी मोटर चालू केली आणि पाइप प्लॉटात सोडला. घरातून त्यांच्या बायको वत्सलाबाई आल्या.

"म्हशीला पुरंना आन् ज्वारीला पाजता? मॅडम न्हाई म्हणल्या होत्या ना?"

"तू गप. एकच पाणी. जीव धरल एवढं."

ज्वारी पोटरीत होती, कणीस अजून पानाच्या आत. पाणी मिळालं तशी रात्रीतून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. फुलोऱ्याला त्यांनी आणखी एक पाणी दिलं, तेही बाजाराच्याच दिवशी. मनाला त्यांनी समजावलं की सगळ्या सोळा ओळींना सारखंच पाजलंय, कोणावर अन्याय नाही. उमजत नव्हतं असं नाही. माईक धरून केंद्राच्या ज्या गोष्टीवर त्यांनी थुंकून दाखवलं होतं, नेमकी तीच ते आपल्या हातानं करत होते. पण फलकावर नाव होतं.

निवडीच्या दिवशी मॅडम लाल रिबिनी घेऊन आल्या. आवडलेल्या ओळीला पुरुषांनी कडब्याकडं बघून बांधायच्या, बायकांनी दाणा चावून, भाकरीचा अंदाज घेऊन. सगळे आधी सुंदररावांच्याच रानात गेले, ते रस्त्यावरच होतं. अकरा नंबरची ओळ तिथं पुरुषभर वाढली होती, कणसं मुठीत मावेनात. तिच्यावर एवढ्या रिबिनी पडल्या की ओळ नवरीसारखी दिसायला लागली. मग बाकीची रानं झाली. टेकाडावर चढेपर्यंत ऊन तापलं होतं आणि भामाबाईंचा प्लॉट अर्धा करपलेला.

"हा काय धरायचा?" सुंदररावांचा उजवा हात असलेला शहादेव म्हणाला. "हा तर गेलाच की."

"गेलेला प्लॉट मोजणीत घेऊ नये," सुंदररावांनी मान हलवली. "उगं सरासरी बिघडते."

"गेलेला?" भामाबाई म्हणाल्या. "सात नंबर बघा की. उभी हाय."

सात नंबर खरंच उभी होती. बुटकी, कणीस बेताचं, पण पानांत हिरवेपणा. मॅडम तिच्याजवळ बराच वेळ थांबल्या. "ठरवायचं तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि ठरवणाऱ्यांनी ठरवलं. भामाबाईंचा प्लॉट गळाला.

काढणी झाली, मळणी झाली, ओळीओळीचं धान्य तोलून झालं. कोणती ओळ वाढवून संस्थेनं सगळ्यांना बी द्यायचं, ते ठरवायला सोसायटीच्या ओट्यावर बैठक बसली. मॅडम आधीच येऊन सुंदररावांना कोपऱ्यात भेटल्या. चेहऱ्यावर कोडं पडल्यासारखं.

"सुंदरराव, एक गंमत सांगू? तुमचा निकाल आणि आमच्या केंद्राचा निकाल अगदी जुळतो. दोन्हीकडं अकरा वर, सात तळाला. बाकीच्या तिघांत मात्र सात अकराच्या पुढं आहे, थोडीच. पण तुमच्याकडचं उत्पन्न इतकं जास्त की सरासरीत अकराच जिंकते. तुमचं रान ओल जास्त धरतं का हो?"

सुंदररावांच्या कानशिलांत जाळ झाला. जीभ मात्र सरावानं चालली. "जरा काळं हाय तिथं."

"मग ठीक," मॅडम म्हणाल्या. विश्वास ठेवून म्हणाल्या, तेच सुंदररावांना लागलं.

बैठक चालू झाली. अकरा नंबरवर सगळ्यांची मान डोलली. तेवढ्यात भामाबाई डोक्यावर कडब्याच्या दोन पेंढ्या घेऊन ओट्यावर चढल्या आणि त्या मधोमध टाकल्या.

"ही सात. ही अकरा. दोन्ही माझ्या रानातल्या. माझा प्लॉट मोजू नका, बरं. पण हे बघा तरी."

"भामाबाई, वाळलेल्याचं काय दाखवता?" शहादेव हसला. "खळं झाल्यावर कुणी भुसकट आणतं का?"

दोघं-तिघं हसले. एक म्हातारा म्हणाला, "चेअरमनच्या रानातली बघितली न्हाई का? तीबी दुष्काळातच आली की. तुज्याच रानाला काय झालं?"

"चेअरमनचं रान बघून ठरलंय," दुसरा म्हणाला. "आता वाद नको."

सगळे आपल्या बाजूनं बोलताना सुंदररावांना आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. एवढी माणसं, आणि सगळी त्यांनी चोरून पाजलेल्या पाण्याची साक्ष देत होती. पुढच्या रब्बीला हीच माणसं अकरा नंबर मुरमावर पेरणार होती. त्यांच्याकडं पाइप नव्हता.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी भामाबाईंच्या अकरा नंबरच्या पेंढीतून एक धांडा उपसला. धरताच तो बुडाशी कटकन मोडला. आत गर नव्हताच, दोरे लोंबत होते, त्यावर काळी पूड. बोटं काळी झाली. खडखड्या. दाणा भरताना ओल संपली की बुडातून लागणारा रोग. पाणी पाजलेल्या रानात तो दिसत नाही, केंद्रात तर नाहीच. जनावर असल्या कडब्याला तोंड लावत नाही. त्यांनी सातचा धांडा घेतला. तो वाकला, मोडला नाही.

"माझा प्लॉट धरू नका," सुंदरराव म्हणाले.

शहादेव म्हणाला, "कावून?"

सुंदरराव काळ्या बोटांकडं बघत राहिले. रानडुकरांनी प्लॉट नासला होता, असं काही सांगून सुटावं असं मनात येऊन गेलं. ते त्यांनी गिळलं.

"दोन पाणी पाजलंय मी. पोटरीत एक, फुलोऱ्यात एक. बाजाराच्या दिवशी."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवली. म्हाताऱ्यानं ओट्याखाली पिंक टाकली. भामाबाईंनी पदर सावरला.

"मला म्हाईत होतं. टेकाडावर मोटरीचा आवाज येतो."

"मग बोलला का न्हाईत?" सुंदररावांचा आवाज चढला. लाज झाकायला माणूस चिडतो, तसा.

"कुणाजवळ बोलू? चेअरमन तुमी. बोलले असते तर म्हणला असता, बाईचं वाळलं, बाई जळती. ह्यांनीबी तेच म्हणलं असतं." त्यांनी ओट्याकडं हात फिरवला.

मॅडमनी सुंदररावांचा प्लॉट बाजूला काढला, भामाबाईंचा आत घेतला. सात वर आली. पण बायकांनी लगेच सांगितलं की सातचा दाणा कणसातून लवकर सुटत नाही, झोडपताना हात भरून येतात. मॅडम म्हणाल्या, एवढ्या घाईनं बी वाढवायचं नाही. सात, तिच्या खालोखाल आलेली तीन नंबर आणि अकराही, आणखी एक साल सगळ्या रानांत बघू. गावाचं एक वर्ष गेलं. कोणाच्या पायी, ते कोणी बोलून दाखवलं नाही, आणि ते न बोलणं सुंदररावांना शिव्यांपेक्षा जड गेलं.

राजीनामा त्यांनी तिथंच देऊ केला. भामाबाई म्हणाल्या, "पळून जायाला देताय व्हय? रस्त्याकडचंच रान द्या पुन्ना. आन् मोटरीच्या पेटीची किल्ली माझ्याकडं द्या. म्हशीचं पाणी काढायचं तेवढं मी उघडून देईन."

दुसऱ्या रब्बीला त्यांनी तसंच केलं. किल्ली भामाबाईंच्या कमरेला. वत्सलाबाई रोज सकाळी टेकाडावरून त्यांना हाक मारून आणायच्या, म्हशीचं पाणी काढून पेटीला पुन्हा कुलूप लागायचं. पाऊस त्याही वर्षी बेताचाच. पौषात रस्त्याकडच्या ओळी सुरळी झाल्या, अकरा नंबर तर दुपारी काठीला वाळत घातलेल्या चिंधीसारखी. फलक तसाच होता, नावासकट. सुंदरराव रोज दुपारी बांधावर बसायचे. तसं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी तोच आष्टीकडचा माणूस थांबला. बरोबर एक नवा गडी होता. तो ज्वारीकडं बघून हसला आणि म्हणाला, "कुणाचं बे हे रान?"

ओळखीच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. सुंदररावांची नजर विहिरीकडं गेली. पेटीला कुलूप होतं. ते बांधावरून उठले, धोतराची धूळ झटकली.

"माझं हाय," ते म्हणाले. "पाणी पाजलेलं न्हाई."