तर आणि तरच
पालमच्या कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र घेतलं, कारण त्यात गणित नसतं असं मला कोणीतरी सांगितलं होतं. सांगणारा नंतर भेटला नाही.

सर फळ्यावर कोड्यांतली वाक्यं लिहायचे आणि ती ‘जर-तर’मध्ये बसवायला लावायचे. ‘दुकान उघडं असल्याशिवाय दिवा लागत नाही.’ अर्ध्या वर्गाने लिहिलं, दुकान उघडं असेल तर दिवा लागतो. सर म्हणाले, उलटं झालं. दिवा लागला असेल तर दुकान उघडं आहे, एवढंच कळतं. पालमची लाईट दोन्ही वाक्यं पाळत नव्हती, पण तो मुद्दा परीक्षेला नव्हता.

एके दिवशी घरातलं वाक्य आणायला सांगितलं. आमच्या घरात एकच वाक्य चालू होतं. बाबा शेळ्या बांधता बांधता रोज म्हणायचे, “बारावीत नापास झालीस तर लगीन लावून टाकतो.” माझं अठरावं सरलं होतं, त्यामुळे धमकी कायद्यातही बसत होती.

मी सत्यता कोष्टक मांडलं, म्हणजे वाक्य कधी खरं राहतं आणि कधी खोटं ठरतं त्याचा तक्ता. चार ओळी; बाबांचं वाक्य खरं राहिलं ती टिकली, खोटं ठरलं ती कटली. नापास आणि लग्न, टिकली. नापास आणि लग्न नाही, कटली. पास आणि लग्न नाही, टिकली. पास आणि लग्न, तीही टिकली. मी सरांना म्हटलं, काहीतरी चुकलंय. सर म्हणाले, “बरोबर आहे. पास झाल्यावर काय करणार, ते त्यांनी कुठं सांगितलंय?”

मी वर्षभर त्या न सांगितलेल्या गोष्टीच्या जिवावर अभ्यास करत होते.

घरी येऊन बाबांना म्हटलं, ‘तर’ नको, ‘तरच’ म्हणा. ते हसले. “एका अक्षरानं काय व्हतंय?”

आई भाकरी थापायची थांबली. वही मागितली, चारही ओळी समजावून घेतल्या. मग आपल्या वडिलांचं सांगू लागली, “आमचे अण्णा म्हनले व्हते, सातवी पास झाली तर पुढं शिकवतो. मी पास झाले.”

“मग?”

“मग काय. तुझ्या बाबाच्या घरी आले.”

मी तिचं कोष्टक मांडलं. पास खरं, शिकवणं खोटं. चारांतली ती एकच ओळ कटते. तसं सांगितलं.

“म्हंजी अण्णा खोटं बोलले?”

“हो.”

तिनं हात धुतले आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली. “‘च’ लावा.”

“अगं, पन...”

“लावा म्हनलं ना.”

बाबा शेळीकडे बघत म्हणाले, “नापास झाली तरच लगीन.”

मी नवं कोष्टक मांडलं. आता नापास होऊनही लग्न टळू शकत होतं. ते मी बाबांना सांगितलं नाही. आईनं विचारलं, “पास आन लगीन, ती वळ कोनची?” मी बोट ठेवलं. तिनं पेन घेतला आणि कागद फाटेस्तोवर ती ओळ खोडली.