कानिफनाथ मिस्त्रीची तार

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत कानिफनाथ मिस्त्रीच्या गुडघ्यांनी दोनदा जाब विचारला. साठी जवळ आलेली, खांद्यावर पाईपपान्याची पिशवी, आणि चढायचं कशासाठी, तर गळक्या जॉइंटसाठी. तोच जॉइंट, तिसऱ्यांदा. माणसाला थकवा कामाचा येत नाही हो, तेच काम पुन्हा करण्याचा येतो.

नगरला नागापूरच्या एमआयडीसीजवळचं हे मुलींचं वसतिगृह. गच्चीवर सोलर. सोलरची नळी तांब्याची, खाली जाणारा पाईप जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी. दोन्ही जिथं भेटतात तिथं दर दीड वर्षानं लोखंडी निपल, म्हणजे जोडाचा आट्यांचा आखूड तुकडा, आतून सडायचं. रेक्टर विजयमालाबाईंनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "मिस्त्री, पोरी थंड पाण्यानं आंघोळ करतायत. या खेपेला गळलं तर मी दुसरा माणूस बघते." बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या शांतपणे बोलल्या, ते मिस्त्रीला लागलं. या वयात हातात राहिलेलं कायमचं काम हे एवढंच होतं.

पाथर्डीकडनं ऊसतोडीच्या टोळीतून पळून आलेल्या पोरसवदा कानिफनाथला कारभारी मिस्त्रींनी हे काम शिकवलं. त्यांची एक रीत होती. जॉइंट झाला की उरलेल्या तांब्याच्या तारेचे चार वेढे त्यावर आवळायचे. म्हणायचे, "गळलं तर कुणाला धरायचं, ते लोकांना कळाय पायजे." उस्ताद गेले, पण कानिफनाथनं तार सोडली नाही. नगरमध्ये कुठंही ती तार दिसली की ओळखावं, काम कुणाचं.

मुळात जोडताना आणि मग पहिल्यांदा गळल्यावर त्यानं आट्यांवर सुतळी-सफेदा दाबून भरला होता. त्याला वाटायचं, मधे सफेदा असला की झालं. पण आटे कसले ऐकतात! ते चावतच जातात आणि लोखंड तांब्याला भिडतंच. वर बोअरचं क्षाराचं पाणी, तेही गरम. तांबं शाबूत राहतं, पण त्याच्या संगतीत आधी जस्त जातं, मग लोखंड. शेवटी दुकानदारानं डायइलेक्ट्रिक युनियन दिलं. दोन अंगं, मधे रबराचा वायसर आणि प्लास्टिकची नळी; इकडचा धातू तिकडच्याला शिवत नाही. कानिफनाथनं अशी दोन, सोलरकडं पाणी जायच्या आणि यायच्या पाईपांना बसवली आणि मीटर लावून बघितलं. धातूला धातू भिडला असता तर ते वाजलं असतं; वाजलं नाही. म्हणाला, गंगेत घोडं न्हालं.

आणि आज चौदा महिन्यांत पुन्हा गळतंय.

त्यानं पाईपातलं पाणी काढून टाकलं, यायच्या पाईपाचं युनियन खोललं. वायसर नवाकोरा. प्लास्टिकला ओरखडा नाही. आणि पलीकडचं लोखंडी निपल मात्र आतून पोखरलेलं, बोट लावलं की लाल चिखल. कानिफनाथ पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसला. आता आपल्याला काही येत नाही, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीला पुसलं.

नवं निपल बसवलं, युनियन आवळलं, सवयीनं तार काढली आणि युनियनच्या दोन्ही अंगांवरनं चार वेढे दिले. मग म्हणलं, मीटर लावून बघू तरी. या खेपेला मीटर पीऽऽ वाजलं.

कानिफनाथ हातातल्या पकडीकडे बघत राहिला. मागच्या वेळी मीटर आधी लावलं होतं, तार नंतर बांधली होती. कंपनीनं दोन धातू प्लास्टिक घालून वेगळे केले आणि यानं आपल्या हातानं त्यांची बाहेरनं गाठ मारून दिली. त्यानं तार तोडली. मीटर वाजतच होतं; दोन्ही पाईप वर सोलरला आणि खाली एकमेकांना जोडलेले, म्हणजे दुसरीकडनंही गाठ होतीच. जायच्या पाईपावरचीही, मागची, हिरवी पडलेली तार तोडली. मीटर गप्प झालं. तेही निपल त्यानं खोलून बघितलं, पोखरायला लागलंच होतं. तेही बदललं.

खाली जाऊन पाण्यावर खापर फोडता आलं असतं. बाईंना काय कळणार होतं? पण तारा मुठीतच होत्या.

"बाई, चूक माझी हाय," तो दारात उभा राहून म्हणाला. "युनियन चांगलं हुतं. ह्या तारेनं वाटोळं केलं. मीच बांधत आलो." त्यानं सगळं सांगितलं.

विजयमालाबाईंनी एक तार हातात घेऊन बघितली. "अजून कुठं बांधलीय अशी?"

"अशा युनियनवर चार घरी. आत्ता जातो तोडाय."

"पाणी पिऊन जा." त्यांनी पेला पुढं केला. "आणि मिस्त्री, आता तार नाही. गळलं तर धरायचं कुणाला?"

कानिफनाथनं पेला खाली ठेवला. खिशातनं पेन्सिल काढून दारामागच्या भिंतीवर, पोरींच्या हजेरीच्या कागदाशेजारी, मोबाईल नंबर लिहिला. खाली नाव लिहिलं.

"मलाच," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून पुढचा जिना उतरायला लागला.