काकांचा हात

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि घरात कुणाला उत्साह नव्हता. मी कॉलेजच्या ऑफिसातून दमून यायचो आणि चहा ढोसून स्कॅनरपुढे बसायचो. चुलत बहिणीचं लग्न ठरलं होतं. मांडवात तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या वारलेल्या काकांचा, फोटो ठेवायचा होता. घरातले सगळे जुने फोटो आमच्याकडे यवतमाळला होते. म्हणून काकू मारेगावकडच्या खेड्यातून एसटीने आली होती.

बाबांना शिकवायचं म्हणून काका शेतीवर राहिले. बाबा साहेब झाले. काकू हे कधी बोलून दाखवत नसे, पण विसरतही नसे.

एकेक फोटो स्कॅन करायचा मला कंटाळा. काचेवर मावतील तेवढे पालथे मांडायचे, फक्त एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. झाकणाच्या पांढऱ्यातून प्रोग्राम प्रत्येक फोटोच्या कडा शोधायचा, वेगळा कापायचा आणि वाकडा असेल तर फिरवून सरळ करायचा. आयतंच काम. काकूला शेजारी बसवून मी बटण दाबलं.

एकेक फोटो सरळ होऊन आला. एकच तिरपा होता. जिनिंग मिलच्या आवारात, कापसाच्या गंजीपुढे बाबा गडद कोटात उभे. त्यांच्या खांद्यावर एक हात. हाताला माणूस नव्हता.

काकूने पदराने चष्मा पुसला. "तुह्या काकाले काहून कापलं?"

"मी नाही कापलं, काकू. मशीननं केलं."

"मशीनले का मालूम, कोण घरचा अन् कोण बाहेरचा?"

काकांचा तेवढा एकच फोटो होता. मला तिचा राग आला, आणि रागही धड येईना इतका मी थकलो होतो. बाबा पलंगावर टेकून पडद्याकडे बघत होते.

मी मूळ फोटो काढून पाहिला. काका होते, अगदी कडेला. टोपी पांढरी, सदरा पांढरा, धोतर पांढरं, मागे कापूस पांढरा, आणि वर उन्हाने धुऊन काढलेलं आभाळ. फोटोला किनारही नव्हती. प्रोग्रामला हे सगळं झाकणाचंच पांढरं वाटलं. खरी कड सापडली नाही, म्हणून त्याने बाबांच्या गडद कोटाभोवतीच चौकट धरली आणि ती तिरपी बसली. हात बाबांच्या खांद्याला लागून होता म्हणून वाचला. काकांचा रापलेला चेहरा तेवढा गडद होता, पण पांढऱ्यात एकटा. एवढासा ठिपका प्रोग्रामने धूळ समजून सोडून दिला. काकूला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"थांब, माउसनं चौकट ओढून देतो," मी म्हणालो.

"हातानं नको. तू ओढशील तेवढंच येईन. मशीनलेच करू दे."

बायकोने मुलीच्या दप्तरातून काळा कार्डशीट आणून दिला. फोटो पुन्हा काचेवर मांडले, पाठीवर तो कागद टाकला आणि झाकण लावलं. आता मधली जागा काळी झाली आणि पांढऱ्या कडा उठून दिसल्या. पडद्यावर एकेका फोटोभोवती चौकट उमटली. त्या फोटोची चौकट काकांच्या पलीकडे, फोटोच्या खऱ्या कडेपर्यंत गेली. फोटो सरळ होऊन आला आणि त्यात काका उभे होते. काकूने पडद्याला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

"आता त्याहीले एकट्यालेच काढून दे," ती म्हणाली. हार घालायचा होता ना.

ते मात्र मलाच करायचं होतं. मी चौकट आत ओढली, तर काकांचा हात मनगटातून तुटला. बाहेर ओढली, तर बाबांचा अर्धा चेहरा आत आला. आत-बाहेर करून जीव मेटाकुटीला आला.

बाबा उठून आले. "माह्या तोंडावरून ओढ. मले काप, पण त्याचा हात नको कापू."

काकूने बाबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहू द्या भावजी. दोघंबी राहू द्या."

फोटो मोठा करून मढवला. मांडवात कुजबुज झालीच. जिवंत माणसाच्या फोटोला कोणी हार घालतं का, एक मामी तर मोठ्यानेच म्हणाल्या. हार घेऊन उभ्या असलेल्या काकूचा हात अडखळला. बाबा खुर्चीतून उठले, तिच्याकडून हार घेतला आणि स्वतःच्या हाताने दोघांना मिळून घातला.