पुस्तिकेतून गाळलेला परिच्छेद

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता टाळायला फारशी वर्षं उरलेली नाहीत.

निवृत्तीनंतर बुलढाण्यातल्या सोलर हीटर विकणाऱ्या एका दुकानदाराने नळजोडणीची इंग्रजी पुस्तिका मराठीत करून मागितली. मी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, नळाचा वॉशरही बदललेला नाही. म्हणून दुकानात येणाऱ्या एका प्लंबरला मी पानं वाचून दाखवायचो. पहिल्याच पानावर तो हसला.

"सर, 'शीतजल प्रवेशमार्ग' म्हंजे लग्नाची पत्रिका हाय का? थंड्याची लाइन लिहा नं!"

मी तसं लिहिलं. पुढे मला त्याच्याशिवाय एक पान करवेना.

शेवटी ग्राहकांसाठी सूचना होत्या. त्यांत एक परिच्छेद होता: टाकी कोरडी पडली असेल तर उन्हात गार पाणी सोडू नये, काचेच्या नळ्या आतून फार तापलेल्या असतात, त्या फुटतात. नळ्या झाकून ठेवाव्यात आणि त्या निवल्यावर, भल्या सकाळी टाकी भरावी. दुकानदार म्हणाला, "हे गिऱ्हाइकाचं हाय, प्लंबरले कायले पायजे? पानं कमी करा." आमच्याकडे नळाला आठवड्याने पाणी येतं, तेही कधी भर दुपारी, हे मला ठाऊक होतं. तरी मी परिच्छेद गाळला. मला काम संपवायचं होतं. तो भाग मी प्लंबरला वाचूनही दाखवला नाही.

उन्हाळ्यात त्यानेच बसवलेल्या एका हीटरची टाकी रिकामी झाली. नळ्यांत उरलेलं पाणीही उन्हात आटलं. दुपारी नळ आला. घरमालकाने घाई केली, म्हणून प्लंबर गच्चीवर गेला आणि त्याने कॉक उघडला. तीन-चार नळ्या फुटल्या. वाफेने आणि उकळत्या पाण्याने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

मी दवाखान्यात गेलो. जिना चढताना एकच भीती होती: त्याला कळलं असेल का? तो पट्ट्या बांधलेला हात उशीवर ठेवून बसला होता.

"सर, पुस्तकात असंनच ते. मीच ध्यान देल्लं नसंन. दुकानाचा मालक बी तेच म्हनून राह्यला, का वाचता येत न्हाई तुले."

त्याची बायको पायथ्याशी उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "हात बरा होईल."

हात बरा झाला, पण बोटं पुरती मिटेनात. पान्हा धरवेना, तशी त्याने धामणगाव बढेला भावाच्या दुकानात बसायला सुरुवात केली. मी तिथे दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याने डाव्या हाताने चहा पुढे केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "आमचे सर. आम्ही दोघांनी पुस्तक केलं."

दुसऱ्या खेपेला मी वाक्य पाठ करून गेलो होतो: ते पुस्तकात नव्हतं, मी काढलं होतं, मला माफ कर. चहा संपला. त्याने विचारलं, "सर, काही बोलाचं होतं का?"

मी म्हणालो, "नाही रे. बस कधीची आहे?"