आण्णांचे सहा चौकोन

आण्णा एसटीत कंडक्टर होते. रंकाळा स्टँडवर गगनबावड्याच्या गाडीसाठी त्यांनी दिलेली हाक पलीकडच्या फलाटावर ऐकू जायची. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक ठेवलं. घरी आल्यावर ते पाटीवर लिहायचे. पण आईला वाचता येत नव्हतं, आणि मी दिवसभर ऑफिसात.

मी एका छोट्या कंपनीत मोबाइल ॲपच्या स्क्रीन तयार करते. एका संध्याकाळी आण्णांनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा माझ्यापुढे सरकवला. त्यावर पेन्सिलीनं फोन काढला होता. फोनमध्ये सहा सारखे चौकोन: ग्लास, ताट, पंखा, संडासचं दार, वेदनेनं वाकडं झालेलं तोंड आणि भोक पडलेला गळा. खाली पाटीवर लिहिलं, "हे खरं कर."

"दाबल्यावर काय व्हायला पाहिजे?" मी विचारलं.

त्यांनी आईकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे. बाकी तू बघ, असा हात हलवला.

दोन दिवसांत मी पान तयार केलं. नेट नसलं तरी चालावं म्हणून ते आण्णांच्या फोनमध्येच ठेवलं. ग्लासचा चौकोन दाबला की फोनमधला तयार आवाज बोलायचा, "मला पाणी हवे आहे."

आई दचकली. "ही कोन बाई बोलालीया घरात?"

आण्णांनी पाटी ओढली. 'हवे आहे नको. पानी आण गं.'

मग मी माझ्याच आवाजात सगळी वाक्यं भरली, ते बोलायचे तशी. बापाच्या तोंडचं 'आगं ए, ऐकलीस का' मी आईला म्हणत होते. तीनदा रेकॉर्ड करावं लागलं. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

वापर सुरू झाल्यावर चित्रात नसलेलं एकेक बाहेर यायला लागलं. आण्णांचा अंगठा थरथरायचा, एका वेळी दोन चौकोन दाबले जायचे. मी मधली जागा वाढवली. एक वाक्य संपेपर्यंत दुसरं बोलणार नाही असं केलं. फोन आपोआप बंद व्हायचा, तो चालू राहील असं केलं. एकदा खिशात आवाजाचं बटण दाबलं जाऊन फोन मुका झाला. फोनचा आवाज माझ्या पानाला वाढवता येत नव्हता, म्हणून स्वयंपाकघरात एक वेगळा स्पीकर जोडून ठेवला.

पण गळ्याच्या चौकोनाचं काय करायचं ते मला सुचेना. भोकात कफ अडकला तर श्वासच थांबणार. कफ ओढायचं मशीन कसं लावायचं हे नर्सनं आईला शिकवलं होतं. पण तिला कळायला तर हवं. पुठ्ठ्यावर तो चौकोन ताटाएवढाच होता.

"आण्णा, हा दाबल्यावर आई शेजारी गेलेली असली तर?"

 मग पेन्सिल घेऊन त्यांनी त्या चौकोनाभोवती मोठा चौकोन ओढला, पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत. त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांना किती भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं.

मी उजवीकडची अर्धी स्क्रीन गळ्याला दिली, बाकीचे पाच चौकोन डावीकडे. दाबलं की आधी घंटा, मग "लवकर ये गं", आणि आई येऊन बंद करेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच. शिवाय मला फोन लागायचा.

एका दुपारी तो फोन आला. मी पोचले तेव्हा आण्णांचे ओठ अजून काळेनिळे होते. आई मशीनची नळी धरून जमिनीवर बसली होती. "ऐकू आलं की," ती म्हणाली. "पीठ मळत हुतो. तशीच पळालो."

कॅन्सर पावसाळ्यानंतर परत आला. या वेळी दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवलं. दारावरच्या माणसानं सांगितलं, मोबाइल आत चालत नाही. मी नर्सला समजावलं, पान उघडून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, आत आम्ही असतो की सारखं." फोन माझ्या पर्समध्ये राहिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे आण्णा गेले. सही घेताना त्याच नर्सनं सांगितलं, "रात्रभर चादरीवर बोट आपटत होते. आम्हाला वाटलं अस्वस्थ आहेत, म्हणून हात बांधला."

आईनं विचारलं, "कुठल्या बाजूला आपटत हुते?"

नर्सला आठवेना.