फक्त केमिस्ट

ठाण्यात कोपरीला आमचं प्लेसमेंटचं छोटं ऑफिस होतं. कंपन्यांना माणसं हवी असली की बायोडाटे चाळून चार-पाच पुढे पाठवायचे, हे माझं काम. शीळफाट्याजवळच्या एका औषध कंपनीला क्वालिटी मॅनेजर हवा होता. मी पदाच्या रकान्यात ‘मॅनेजर’ दिसेल ते बाजूला काढत गेले.

विठ्ठलवाडीच्या एका बाईंचा बायोडाटा त्यात मागे पडला. पंचेचाळिशीच्या, डोंबिवलीतला औषधांचा कारखाना बंद पडल्यामुळे घरी बसलेल्या. पद सोळा वर्षं एकच, केमिस्ट. त्यांनी फोनवर विचारलं होतं, “मॅडम, मॅनेजर लिहू का? सगळं मीच बघायचे.”

“नेमणूकपत्रावर आहे तेच लिहा,” मी म्हणाले. खोटं लिहू नका हे बरोबरच होतं. पण ‘सगळं’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

निवड झाली ती एका मोठ्या कंपनीतल्या मॅनेजरची. चार महिन्यांत त्याने राजीनामा दिला. मला भेटायला आला तेव्हा खाली मान घालून बसला होता.

“आमच्या आधीच्या कंपनीत दहा वर्षं झाली की मॅनेजर करतात. ती नुसती पगाराची ग्रेड आहे हो. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं. मी फक्त रिपोर्ट तपासायचो. इथे कारखान्याच्या ऑडिटला तपासनीसांसमोर एकट्याने उभं राहायचं होतं, जमलं नाही.”

तो गेल्यावर मी बाईंचा बायोडाटा पुन्हा काढला आणि पहिल्यांदाच दुसरं पान वाचलं. प्रत्येक बॅच बाहेर सोडताना शेवटची सही त्यांची. ऑडिटरला उत्तरं त्यांची. हाताखाली सहा जण. त्या कारखान्यात पदंच तीन होती: मालक, केमिस्ट, ऑपरेटर.

जागा पुन्हा रिकामी होती. मी बाईंना फोन केला. तोवर त्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागल्या होत्या. आधी नको म्हणाल्या, मग हळूच म्हणाल्या, “पाठवा. बघू या.”

मी बायोडाट्यासोबत लांबलचक पत्र लिहिलं: सह्या, ऑडिट, माणसं, सगळं. कंपनीच्या एचआरचा फोन तासाभरात आला.

“अहो, तुम्ही केमिस्ट पाठवलाय. आम्हाला मॅनेजर हवाय.”

“पत्र वाचलंत का?”

“इतके बायोडाटे येतात, मॅडम. पद जुळत नसेल तर आम्ही उघडत नाही.”

मीही तेच केलं होतं.

बाईंना कळवायला मी दोन दिवस लावले. फोनवर मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

“तास सुरू होतोय,” त्या म्हणाल्या. “ठेवते.”

नंतर मी प्रत्येक उमेदवाराला विचारू लागले, हाताखाली किती जण, सही कोणाची. त्या बाईंना मात्र पुन्हा फोन करायचं माझं धाडस झालं नाही.